पश्चिमेच्या खिडकीची मुलांची खोली : अभ्यासाला आणि झोपेला साजेसा रंग कसा ठरवावा

सोलापुरात घराला रंग द्यायचा विषय निघाला की बहुतेक घरांत पहिली गोष्ट होते ती म्हणजे शेड कार्ड मागवणे. मुलांच्या खोलीपुरते तरी हे उलट्या टोकाने सुरू केलेले काम आहे, असे मी घरांच्या अंतर्गत सजावटीच्या व्यवसायात पंधरा वर्षे काढल्यावर म्हणू शकते. भिंतीचा रंग म्हणजे भिंतीवर पडलेल्या उजेडातला जो भाग भिंत परत पाठवते तो. त्यामुळे खोलीत कोणता उजेड, कोणत्या बाजूने आणि कोणत्या वेळी येतो हे कळण्याआधी निवडलेला रंग हा केवळ अंदाज असतो. तो अंदाज माझाही एकदा सपशेल चुकला आहे आणि तोही सख्ख्या भाचीच्या खोलीत. या लेखात त्याच एका खोलीचे उदाहरण शेवटपर्यंत घेतले आहे, कारण पश्चिमेकडे खिडकी असलेली, दहा बाय अकरा फुटांची, एकाच मुलाने अभ्यास आणि झोप दोन्हींसाठी वापरायची खोली जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या भागांतल्या इमारतींमध्ये सर्रास आढळते.

भाची तेव्हा आठ वर्षांची होती. दुकानातल्या शेड कार्डवर पिस्त्याच्या रंगाची एक अतिशय नाजूक छटा होती, हिरवा रंग डोळ्यांना थंडावा देतो असे सगळेच म्हणतात, आणि मी फारसा विचार न करता तो शेड नंबर लिहून दिला. रंग वाळला, पडदे लागले, ट्यूबलाइट लावली आणि भाची दारातूनच म्हणाली, "मावशी, हा तर दवाखाना झालाय." तिचे म्हणणे शब्दशः खरे होते. रात्री ट्यूबखाली तिचे हात, वहीची पाने आणि पांढरी उशी या सगळ्यांवर हिरवट झाक येत होती, आणि संध्याकाळी पाचच्या उन्हात हीच भिंत शेवाळल्यासारखी पिवळट-हिरवी दिसत होती. ती खोली आम्ही तीन वर्षांनी पुन्हा रंगवली. दुसऱ्या वेळी ज्या क्रमाने काम केले, तोच क्रम पुढे दिला आहे.

पहिली पायरी : ऊन कुठे पडते ते भिंतीवर पेन्सिलीने खूण करून पाहणे

सोलापूर साधारण साडेसतरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे उन्हाळ्यात येथे सूर्य थेट पश्चिमेला न मावळता पश्चिमेच्या बराच उत्तरेकडे मावळतो, तर डिसेंबर-जानेवारीत तो तितकाच दक्षिणेकडे सरकलेला असतो. पश्चिमेच्या खिडकीतून आत येणारा उन्हाचा पट्टा म्हणूनच वर्षभर एका जागी राहत नाही. भाचीच्या खोलीत मे महिन्यात सायंकाळी साडेपाचला तो समोरच्या पूर्वेच्या भिंतीच्या दक्षिण भागावर पडतो, आणि गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, म्हणजे जानेवारीत, तोच पट्टा दुपारी चारनंतर उत्तरेच्या भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचतो. रंगकाम करण्यापूर्वी वर्षभर थांबणे कोणालाच शक्य नसते. परंतु निदान एका सुटीच्या दिवशी सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी पाच आणि सूर्यास्ताच्या थोडे आधी खोलीत जाऊन पट्ट्याच्या कडा पेन्सिलीने आखाव्यात. उन्हाळ्यात पाहिले असेल तर हिवाळ्यात पट्टा उत्तरेकडे सरकेल आणि हिवाळ्यात पाहिले असेल तर उन्हाळ्यात दक्षिणेकडे, इतके लक्षात ठेवले की पुरे.

एवढा खटाटोप कशासाठी, असे माझ्या बहिणीनेही विचारले होते. कारण असे की ज्या भिंतीवर थेट ऊन पडते ती भिंत संध्याकाळभर खोलीतल्या दुसऱ्या दिव्यासारखी वागते. तिच्यावरून परतलेला उजेड छतावर, अभ्यासाच्या टेबलावर आणि बाकीच्या भिंतींवर जातो आणि आपला रंग सोबत घेऊन जातो. आमच्या पहिल्या चुकीतले अर्धे कारण हेच होते : पूर्वेची भिंत पिस्ता रंगाची होती, आणि तिने तो हिरवेपणा सगळ्या खोलीत वाटून टाकला. म्हणून खिडकीसमोरची भिंत कोणत्याही भडक रंगाची ठेवू नये, हा नियम मी आता मोडत नाही. मुलाच्या आवडीचा रंग दुसऱ्या भिंतीवर देता येतो.

जमिनीकडेही याच नजरेने पाहावे, कारण खिडकीतून येणारा बराचसा उजेड आधी जमिनीवर पडतो. जुन्या घरांत शहाबादी फरशी असते. तिचा करडा रंग उजेड थोडा गिळतो आणि खोलीला निळसर-राखी झाक देतो, त्यामुळे तिच्या शेजारी भिंतींवर किंचित उबदार, सायीच्या जातीचा रंग चांगला दिसतो. नव्या फ्लॅटमधली पिवळसर चकचकीत फरशी नेमकी उलट वागते, आणि तिथे पुन्हा पिवळट भिंत दिली तर संध्याकाळी खोली नारिंगी होते.

दुसरी पायरी : मूल बसल्यावर काय पाहते आणि आडवे झाल्यावर काय पाहते

रंग भिंतींना नव्हे तर नजरेला द्यायचा असतो, असे मी गिऱ्हाइकांना सांगते. मूल टेबलाशी बसले की पुस्तकावरून मान वर केल्यावर त्याची नजर ज्या चार-पाच फुटांच्या तुकड्यावर पडते तो अभ्यासाचा रंग. ते पलंगावर पाठीवर झोपले की त्याला छत आणि पायांकडची भिंत दिसते. तो झोपेचा रंग. उशामागची भिंत मात्र झोपलेल्या मुलाला दिसतच नाही, आणि गंमत अशी की लोक सर्वांत जास्त विचार त्याच भिंतीचा करतात.

म्हणून रंगाआधी टेबल आणि पलंग यांच्या जागा पक्क्या कराव्यात. भाची उजव्या हाताने लिहिते, त्यामुळे खिडकी तिच्या डावीकडे हवी होती, म्हणजे लिहिताना हाताची सावली वहीवर पडत नाही. टेबल उत्तरेच्या भिंतीला लावले की पश्चिमेची खिडकी आपोआप डावीकडे येते. खिडकी समोर ठेवली असती तर संध्याकाळी ऊन थेट डोळ्यांवर आले असते आणि पाठीमागे ठेवली असती तर तिचीच सावली पुस्तकावर पडली असती. पलंगाचे उसे दक्षिणेच्या भिंतीला आले. उत्तरेला डोके करून झोपायचे नाही हा बहिणीच्या सासूबाईंचा आग्रह होता आणि त्याच्याशी माझे काही भांडण नव्हते, कारण त्यामुळे दक्षिणेची भिंत अभ्यास करताना पाठीमागे आणि झोपताना डोक्यामागे गेली. थोडा गडद रंग द्यायला याहून चांगली जागा त्या खोलीत नव्हती.

यातून चारही भिंतींची कामे ठरली. उत्तरेची भिंत अभ्यास करताना समोर आणि झोपताना पायांकडे असते, म्हणून ती शांत आणि बऱ्यापैकी उजळ हवी. पूर्वेची भिंत ऊन झेलते, म्हणून तीही फिकट आणि रंगाचा पत्ता फारसा न देणारी हवी. पश्चिमेची भिंत खिडकीची आहे. दिवसा बाहेरच्या प्रखर उजेडाशेजारी ती नेहमीच काळपट भासते. तिला गडद रंग दिला तर खिडकी आणि भिंत यांच्यातला फरक डोळ्यांना खुपू लागतो, म्हणून तीही उजळच ठेवावी. उरली दक्षिणेची.

तिसरी पायरी : आधी दिवे, मग रंग

या पायरीवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण झोपेचा खरा प्रश्न भिंतीपेक्षा दिव्यात दडलेला असतो. निळा रंग दिला की मूल लवकर झोपते, पिवळा दिला की हुशार होते, अशी वाक्ये सगळीकडे ऐकू येतात. मी ती गांभीर्याने घेत नाही. जे पक्के ठाऊक आहे ते वेगळे आहे. आपल्या डोळ्यांत काही पेशी अशा असतात की त्या चित्र पाहण्याऐवजी मुख्यतः उजेड किती आहे हे मेंदूला कळवतात, आणि उजेडातल्या निळ्या भागाला त्या सर्वांत जास्त दाद देतात. रात्री असा उजेड डोळ्यांत जात राहिला की झोपेची तयारी करणारे मेलाटोनिन हे संप्रेरक उशिरा आणि कमी स्रवते. मुलांच्या डोळ्यांतले भिंग मोठ्यांच्या भिंगापेक्षा स्वच्छ असते आणि बाहुल्याही मोठ्या असतात, त्यामुळे त्याच दिव्याचा परिणाम त्यांच्यावर अधिक होतो. भिंतीचा वाटा इतकाच की ती हा उजेड किती परत फेकते आणि कोणत्या रंगाचा करून फेकते.

एलईडी दिव्याच्या खोक्यावर केल्विनमध्ये एक आकडा छापलेला असतो. ६५०० म्हणजे निळसर पांढरा, ४००० म्हणजे साधा पांढरा आणि २७०० ते ३००० म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बसारखा. आपल्याकडे घरोघरी ६५०० ची ट्यूब लागलेली असते, कारण दुकानदार तीच आधी काढून देतो आणि ती सर्वांत लखलखीत भासते. मुलांच्या खोलीत मी तीन वेगळे दिवे सुचवते : छताजवळ ४००० केल्विनची वीस वॅटची पट्टी, टेबलावर त्याच ४००० केल्विनचा सात ते नऊ वॅटचा दिवा, आणि पलंगाशेजारी २७०० केल्विनचा तीन-चार वॅटचा लहान दिवा. वहीवर सुमारे ३०० ते ५०० लक्स उजेड मिळाला तर वाचणे-लिहिणे सुखाचे होते. मोबाइलवरच्या लक्स मोजणाऱ्या अॅपने त्याचा ढोबळ अंदाज येतो, नेमके मोजमाप मात्र येत नाही. अभ्यास संपला की वरची पट्टी बंद करायची आणि झोपेपर्यंतचा तासभर फक्त लहान दिवा ठेवायचा. छतात निळ्या-जांभळ्या रंगाची एलईडीची माळ बसवण्याची सध्या फार हौस आहे. झोपेच्या खोलीत ती बसवू नये, आणि आधीच बसवलेली असेल तर निदान रात्री लावू नये.

दिवे बदलायचे असतील तर रंग निवडण्याआधीच बदलावेत. आमची पिस्त्याची छटा ६५०० च्या ट्यूबखाली जितकी दवाखान्यासारखी दिसत होती तितकी ४००० खाली दिसत नव्हती, हे मला पुढे सहज म्हणून दिवा बदलून पाहिल्यावर कळले. दिवा आधी बदलला असता तर कदाचित तीन वर्षे खोलीतली नाराजी टळली असती.

चौथी पायरी : छटा निवडणे

रंगाच्या नावापेक्षा दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या असतात : तो किती फिकट आहे आणि किती मळवलेला आहे. फिकट म्हणजे त्यात पांढरा किती, आणि मळवलेला म्हणजे त्यात करडा किंवा मातकट अंश किती. पोपटी आणि पिस्ता यांत फरक फक्त पांढऱ्याचा आहे. पिस्ता फिकट असला तरी त्याची हिरवाई स्वच्छ, उघडी असते. पावसाळ्यानंतर वाळू लागलेल्या गवताचा जो राखी-हिरवा रंग असतो तो मळवलेला हिरवा. शांत वाटणारी खोली बहुतेक वेळा अशा मळवलेल्या रंगांची असते, मग तो रंग निळा असो, हिरवा असो की अबोली. शेड कार्डवर एकटा पाहताना असा रंग निस्तेज दिसतो आणि म्हणून लोक तो ओलांडून पुढे जातात. खरे तर कार्डवर जो रंग देखणा वाटतो तो चार भिंतींवर बहुधा जास्त होतो, कारण समोरासमोरच्या भिंती एकमेकींचा रंग परत फेकून तो आणखी गडद करतात. म्हणून आवडलेल्या छटेच्या त्याच पट्टीत एक-दोन घरे फिकट सरकावे, किंवा शेजारच्या अधिक करड्या पट्टीत जावे.

फिकटपणा मोजण्यासाठी रंगाच्या व्यवसायात एलआरव्ही नावाचा आकडा वापरतात. पूर्ण काळ्याला शून्य, पूर्ण पांढऱ्याला शंभर, आणि मधला आकडा म्हणजे ती छटा पडलेल्या उजेडातला शेकडा किती उजेड परत देते ते. काही कंपन्या तो छटेच्या माहितीत देतात, काही देत नाहीत. अभ्यासाच्या समोरच्या भिंतीसाठी मी ६५ ते ७५ च्या दरम्यानची छटा घेते. ८५ च्या पुढे, म्हणजे जवळजवळ शुभ्र भिंत असेल तर आपल्या पश्चिमेच्या उन्हात ती डोळ्यांवर येते आणि पुस्तकाच्या पानापेक्षा भिंतच उजळ होऊन बसते. ५० च्या खाली गेले तर दिवसाही दिवा लावावा लागतो. उशामागच्या भिंतीला मात्र ४५ ते ५५ चालते, कारण तिथे रात्री उजेड कमी परत यावा हेच आपल्याला हवे असते.

आकडा मिळत नसेल तर एक साधी युक्ती आहे. कार्डवरच्या छटेशेजारी कोरा पांढरा कागद ठेवावा, दिवसाच्या सावलीतल्या उजेडात मोबाइलने दोहोंचा एकत्र फोटो काढावा आणि तो कृष्णधवल करावा. छटा आणि कागद वेगळे ओळखूच येत नसतील तर छटा फार उजळ आहे. छटा स्पष्ट मध्यम करडी दिसत असेल तर ती अभ्यासाच्या भिंतीसाठी गडद आहे. कागदापेक्षा एक पायरी खाली, पावसाळी ढगाच्या फिकट कडेसारखी जी दिसेल ती घ्यावी.

भाचीच्या खोलीत अशा चाळणीतून आणि पुढच्या पायरीतल्या नमुन्यांनंतर शेवटी दोन छटा उरल्या. उत्तर, पूर्व आणि पश्चिम या तीन भिंतींना सायीचा, पण किंचित करडा रंग, ज्याचा एलआरव्ही ७० च्या आसपास होता; आणि दक्षिणेच्या भिंतीला मळवलेला निळसर-हिरवा, सुमारे ४८ चा. छत शुभ्र आणि मॅट ठेवले. भाचीला स्वतःला चिंतामणी रंग हवा होता आणि तोही चारही भिंतींना. आम्ही तो पुस्तकांच्या कपाटाच्या आतल्या पाठीला दिला. कपाटाला दारे आहेत. उघडले की चिंतामणी, मिटले की शांतता. या तडजोडीसाठी मला दोन आइस्क्रीम द्यावी लागली.

पाचवी पायरी : नमुना लावून दोन दिवस पाहणे

दुकानातल्या दिव्याखाली बोटाएवढ्या चौकोनावरून रंग ठरवू नये. दोन-तीन उमेदवार छटांचे छोटे डबे किंवा नमुना पाकिटे घ्यावीत आणि पूर्ण आकाराच्या जाड ड्रॉइंग शीटवर प्रत्येकी दोन हात द्यावेत. कागदाच्या चारही बाजूंना दोन बोटे पांढरी कड सोडावी, नाहीतर भिंतीवरचा जुना रंग शेजारी येऊन नवा रंग भलताच भासतो. जुन्या पिस्ता भिंतीला चिकटवलेली करडी छटा मला चक्क गुलाबी दिसली होती. इमल्शन ओले असताना असते त्यापेक्षा वाळल्यावर बहुधा किंचित गडद होते, म्हणून एक रात्र जाऊ द्यावी.

मग तो कागद जिथे तो रंग येणार आहे त्याच भिंतीवर, मूल बसते त्या उंचीवर लावावा. पेन्सिलीच्या खुणा केल्या होत्या त्याच चार वेळांना तो पाहावा आणि पाचव्यांदा रात्री, फक्त पलंगाजवळचा लहान दिवा लावून. प्रत्येक वेळी शेजारी कोरा पांढरा कागद धरून पाहिला म्हणजे झाक कोणत्या दिशेला जाते ते लगेच उमजते. पाहताना मी एक चाचणी आवर्जून घेते : टेबलाशी बसून छापील पान पाच मिनिटे वाचायचे आणि एकदम मान वर करायची. नजर भिंतीवर गेल्यावर डोळे किलकिले होत असतील तर छटा फार उजळ किंवा भिंत चमकणारी आहे; पुन्हा पानाकडे वळल्यावर कागदावर भिंतीच्या उलट रंगाची झाक क्षणभर तरंगत असेल तर छटा फार भडक आहे. नारिंगी भिंतीनंतर पान निळसर वाटणे हे त्याचे उदाहरण. ही चाचणी मुलालाच करायला सांगावी; मुले खरे सांगतात.

भाचीच्या खोलीत तीन उमेदवार होते. बदामी छटा दिवसभर उत्तम होती आणि संध्याकाळी पाचला पूर्वेच्या भिंतीवर नारिंगी झाली, म्हणून बाद. फिकट निळी सकाळी सुरेख दिसली, पण ढगाळ दिवशी आणि रात्री ती थंडगार, उदास वाटली. करडी-साय मात्र कुठल्याच वेळी नजरेत भरली नाही, आणि आम्हाला हवी होती ती हीच.

सहावी पायरी : फिनिश, प्रमाण आणि पेंटर

त्याच छटेचा रंग मॅट, मंद चमकीचा आणि लस्टर अशा वेगवेगळ्या फिनिशमध्ये मिळतो. टेबलासमोरच्या आणि ऊन झेलणाऱ्या भिंतीवर चमक नको, कारण त्यात ट्यूबची पांढरी रेघ आणि खिडकीचे प्रतिबिंब दिसते. साध्या मॅटवर हाताचे डाग राहतात ही तक्रार खरी आहे. त्यावर धुता येणारे मॅट इमल्शन हा उपाय आहे, थोडे महाग पडते. पेंटर बहुधा लस्टर सुचवील, कारण ते पुसायला सोपे आणि त्याच्या सवयीचे असते. आमचा पेंटर म्हणाला, "ताई, मॅट म्हणजे पैसे देऊन भिंत जुनी दिसणार." मी त्याला उन्हाच्या वेळी टेबलाशी बसवले आणि शेजारच्या खोलीतली लस्टरची भिंत दाखवली, तेव्हा तो विषय मिटला.

प्रमाणाचा हिशेब असा. दहा बाय अकराच्या खोलीचा घेर ४२ फूट आणि उंची साडेनऊ फूट, म्हणजे सुमारे ४०० चौरस फूट भिंत. दार, खिडकी आणि भिंतीतले कपाट यांचे ८० वजा केले की ३२० उरतात. त्यातली दक्षिणेची भिंत ९५ ची, उरलेल्या तीन मिळून २२५ च्या. पुट्टी आणि प्रायमर नीट झालेल्या भिंतीवर दोन हातांसाठी लिटरला १०० चौरस फूट धरले तर तीन भिंतींना सव्वादोन लिटर आणि दक्षिणेच्या भिंतीला एक लिटर पुरते. डब्यावर याहून मोठे क्षेत्रफळ छापलेले असते, पण ते अगदी गुळगुळीत पृष्ठभागासाठी असते. एका छटेचे सगळे डबे एकाच दिवशी, एकाच टिंटिंग मशीनवर करून घ्यावेत आणि लावण्यापूर्वी ते एका बादलीत एकत्र ढवळावेत, म्हणजे अर्धी भिंत एका छटेची आणि अर्धी दुसरीची असे होत नाही. उन्हाळ्यात काम काढले असेल तर पश्चिमेची खिडकी झाकून पूर्वेच्या भिंतीचे काम सकाळीच उरकावे. तापलेल्या भिंतीवर रंग हातासरशी वाळतो आणि रोलरचे जोड दिसत राहतात.

दारे-खिडक्यांवर फार जुना ऑइल पेंट असेल तर तो कोरड्या पॉलिश पेपरने घासू देऊ नये. घरगुती रंगांतल्या शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत मर्यादित करणारे नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाले. त्याआधीच्या रंगात शिसे अधिक असू शकते आणि त्याची धूळ मुलांना घातक असते. ओला करून घासावा, मूल त्या वेळी घरात नसावे. भिंतींसाठीही व्हीओसी, म्हणजे हवेत उडून जाणारी रसायने, कमी असलेले पाण्यातले इमल्शन घ्यावे आणि वास पूर्ण जाईपर्यंत, खिडक्या उघड्या ठेवून, मुलाला चार-पाच दिवस दुसऱ्या खोलीत झोपवावे.

सातवी पायरी : कापड

सोलापूरकरांना हे वेगळे सांगायला हवे, कारण आपल्या घरात कापड फार असते. पलंगावरची चादर ही झोपेच्या वेळी डोळ्यांच्या सर्वांत जवळ येणारी रंगीत वस्तू असते, आणि आपली चादर म्हटली की लाल, हिरवा, काळा अशा ठसठशीत रंगांची नक्षी. ती टाळायची गरज नाही. पांघरूण म्हणून ती पायथ्याशी घडी घालून असावी आणि अंथरायला साधी, एका रंगाची चादर घ्यावी, इतकेच. भाचीची डाळिंबी चादर मळवलेल्या निळसर-हिरव्या भिंतीसमोर अशी शोभते की तिच्यामुळे खोलीला आणखी काही सजावट लागली नाही.

पडदा मात्र विचारपूर्वक निवडावा लागतो. पश्चिमेच्या खिडकीवर नारिंगी किंवा पिवळा पडदा म्हणजे संध्याकाळी चार तास रंगीत काच लावल्यासारखे आहे. भिंतीवर घेतलेली सगळी मेहनत त्यात बुडते. पडदा राखाडी किंवा सायीचा आणि पाठीमागे पांढऱ्या अस्तराचा असावा. उन्हाचा तापही वाटत असेल तर खिडकीच्या बाहेरच्या बाजूने बांबूची चीक सोडावी, कारण ऊन काचेच्या आत आल्यावर अडवले तर उष्णता खोलीतच राहते. आतल्या भिंतीला निळा रंग देऊन खोली थंड होत नाही. थंड वाटते एवढेच.

काम संपल्यावर आठवडाभराने पुन्हा एकदा त्या पाच वेळांना खोलीत जाऊन पाहावे. भाचीच्या खोलीत तेव्हा एक गोष्ट निघाली : टेबलामागे आम्ही तिला चित्रे चिकटवायला दिलेला फळा चकचकीत पांढरा होता आणि दिव्याचा झोत त्यावरून थेट तिच्या डोळ्यांत येत होता. फळा पूर्वेच्या भिंतीवर हलवला आणि दिवा डावीकडे सरकवला. उरलेला रंग आम्ही बरणीत भरून, वर शेड नंबर, फिनिश आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवून माळ्यावर ठेवला आहे; दिवाळीनंतर टेबलाच्या कडेने पडलेले दोन ओरखडे त्यातूनच भरून काढले.